दुसरा नंबर दुसऱ्याच फोनचा द्या

ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक उमेदवाराला एक निरोप पाठवतो. मी चिखलीत राहून मुलामुलींच्या मुलाखती जुळवून देतो. कंपन्या बहुतेक पुण्याच्या असतात आणि उमेदवार घाटावर नि घाटाखाली विखुरलेले, कुणी मेहकरचा, कुणी संग्रामपूरकडचा. निरोप असा असतो:

"तुमची मुलाखत उद्या बुधवारी सकाळी ११:३० वाजता झूमवर आहे. ११:२० ला लिंक उघडून थांबा. ज्या फोनवरून आणि ज्या खोलीतून बोलणार, तिथेच बसून आज zoom.us/test वर आवाज आणि कॅमेरा तपासा. उद्या तुमच्याजवळ असणाऱ्या माणसाच्या फोनचा नंबर आज रात्री आठपर्यंत कळवा. त्याचं सिम वेगळ्या कंपनीचं हवं. संपर्क तुटला तर पाच मिनिटं पुन्हा जोडायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर मला फोन करा."

यातली दुसऱ्या नंबरची ओळ एवढी लांब का, ते सांगतो. संग्रामपूर तालुक्यातल्या एका मुलाची मुलाखत होती. कंपनीच्या अर्जात 'पर्यायी क्रमांक' असा रकाना होता आणि त्यानं तो भरलाही होता. मुलाखत नीट सुरू झाली. थोड्या वेळानं त्याचा चेहरा पडद्यावर थिजला आणि मग तो दिसेनासा झाला. गावात सकाळपासून लाईट नव्हती. टॉवर बॅटरीवर चालू होता, तीही संपली. कंपनीच्या बाईंनी त्याचा नंबर लावला, लागला नाही. पर्यायी नंबर लावला, तोही नाही. कारण दोन्ही सिम एकाच फोनमध्ये आणि एकाच कंपनीची होती. पॅनेल पंधरा मिनिटं थांबलं आणि पुढच्या उमेदवाराकडे वळलं. संध्याकाळी रेंज आल्यावर त्याचा फोन आला तेव्हा निवड झालेली होती. मुलगा हुशार होता. त्याच्या काकांकडे दुसऱ्या कंपनीचं सिम होतं आणि ते अंगणातच बसले होते, याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून नंबर देताना त्या माणसाला आधी विचारा, तो त्या वेळी घरी असेल का. शेतात जाणाऱ्या भावाचा नंबर उपयोगाचा नाही. अनोळखी नंबरवरून फोन येईल आणि तो उचलायचाच, हेही सांगून ठेवा. अनेकजण असे फोन कापतात. काहींच्या फोनमध्ये ते आपोआप अडवले जातात, तेव्हा ती सोय तेवढ्यापुरती बंद करा. मुलाखतीच्या फोनवर मात्र उलट करायचं. तिथे 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, कारण मध्येच आलेला फोन उचलला गेला तर माईक त्याच्याकडे जातो. बऱ्याच दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू असताना दुसऱ्या सिमचं नेट थांबतं.

तपासणीत सगळ्यात जास्त अडतं ते परवानगीपाशी. अ‍ॅप पहिल्यांदा माईक आणि कॅमेरा मागतं, तेव्हा घाईत 'नको' दाबलं जातं. अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये दोनदा नकार दिला की अ‍ॅपला पुन्हा विचारता येत नाही. मग सेटिंगमध्ये अ‍ॅप शोधून परवानगी द्यावी लागते. हे आदल्या संध्याकाळी दोन मिनिटांचं काम आहे, पॅनेलसमोर मात्र घाम फुटतो. तपासणी झाल्यावर त्याच जागेवरून एखाद्या मित्राशी दहा मिनिटं व्हिडिओवर बोलून बघा. दहा मिनिटांत आवाज तुटला तर जागा बदला. गच्चीवर किंवा खिडकीजवळ रेंज बरी मिळते, पण गच्चीवर वारा माईकमध्ये घुसतो.

डेटाचंही बघा. व्हिडिओला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी लागतो. रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि सकाळीच घरातल्यांनी तुमच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ पाहिले, तर पॅक संपून वेग इतका पडतो की चित्र चालत नाही. तसं झालंच, तर पॅनेलला सांगून कॅमेरा बंद करा. नुसत्या आवाजाला फारच कमी डेटा लागतो.

दहा मिनिटं आधी या, असं मी म्हणतो त्याचं कारण प्रतीक्षा कक्ष. लिंक उघडली तरी समोरचा माणूस आत घेईपर्यंत तुम्ही बाहेरच असता, आणि त्याला तिथे तुमचं नाव दिसतं. फोनवर 'रेडमी' किंवा वडिलांचं नाव असेल तर तो कुणाला आत घेणार? अर्जावरचंच नाव टाका. मात्र अर्धा तास आधीही येऊ नका. एकच लिंक सगळ्यांना दिलेली असेल आणि प्रतीक्षा कक्ष लावलेला नसेल, तर आधीच्या उमेदवाराच्या मुलाखतीत शिरायची वेळ येते. बसमधून तर जोडूच नका, राजूर घाटात रेंज जाते.

आणि तुटलंच, तर काकांच्या फोनवरून पहिलं वाक्य एवढंच बोला: "मी अमुक, साडेअकराची मुलाखत, गावात लाईट गेली आहे, याच नंबरवर पुढे बोलता येईल का?"