परिषदेत कुणाशी बोलायचं, कधी थांबायचं

वरोऱ्याला माझी लॅब आहे. अस्थिमज्जेच्या अवघड स्लाइड्सवर दुसरं मत देणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून रामदासपेठेतल्या एका हॉटेलात भरलेल्या पॅथॉलॉजीच्या परिषदेला गेले. स्वभावाने मी अबोल. तरी त्या दिवशी नोंदणीच्या टेबलापासून जेवणाच्या रांगेपर्यंत भेटेल त्याच्याशी बोलत राहिले. ज्या रक्तविकारतज्ज्ञ मॅडमना भेटायचं होतं, त्या चारच्या चहाला शेजारी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मला साधा प्रश्नही मांडता येईना.

असं का होतं, ते पुढे वाचनात आलं. फिनलंडमधल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांत मोकळेपणाने मिसळल्यावर त्यांना लगेच बरं वाटत होतं, पण साधारण तीन तासांनी थकवा जाणवत होता. बोलक्या स्वभावाची मंडळीही त्यातून सुटली नव्हती. म्हणजे बोलताना उत्साह वाटतो तेव्हा आपल्याला काहीच कळत नाही. अकराच्या गप्पा दुपारी दोनला जाणवतात.

आता मी कार्यक्रमपत्रिका हाती आली की दोनच नावं ठरवते आणि आदल्या दिवशी त्यांना निरोप पाठवते: "मॅडम, उद्या सकाळच्या चहाला पाच मिनिटं भेटता येईल का? एका स्लाइडबद्दल विचारायचं आहे." व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाशी गर्दी होते, तिथे जात नाही. सभागृहात लवकर पोहोचते. तेव्हा माणसं एकेकटी बसलेली असतात आणि बोलणं सोपं जातं. निघतानाचं वाक्यही तयार ठेवते: "तुम्हाला अजून बरेच जण भेटायचे असतील, मी येते." गप्पा कशा संपवायच्या, ही धास्ती त्याने जाते, आणि माझी तरी निम्मी दमछाक त्या धास्तीचीच असायची.

जेवण झालं की अर्धा तास बाहेर. फोन बंद ठेवून मागच्या गल्लीत चालायचं, नाहीतर खोलीवर पडायचं. त्यासाठी दुपारचं एखादं व्याख्यान खुशाल सोडावं. रात्रीच्या मेजवानीला जायचं असेल, तर चहाच्या वेळी गप्प राहावं. दोन्ही जमवायला जाऊ नये.

कार्ड मिळालं की त्याच्या मागे लगेच दोन ओळी लिहाव्यात: काय बोलणं झालं, आणि मी काय पाठवते म्हणाले. संध्याकाळपर्यंत चेहरे एकमेकांत मिसळतात. निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवावा. "भेटून आनंद झाला" एवढ्यावर उत्तर येत नाही. मी त्याच मॅडमना पुढच्या परिषदेनंतर लिहिलं, "काल बोलले होते त्या स्लाइडचे दोन फोटो पाठवते आहे, रुग्णाचं नाव काढलं आहे. या पेशी ब्लास्ट वाटतात का?" हो किंवा नाही म्हणता येईल इतकाच प्रश्न. उत्तर नाही आलं, तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण द्यावी, मग सोडून द्यावं. मॅडमचं उत्तर दुपारी आलं: "फोटोवरून सांगणं बरोबर नाही. स्लाइड्स कुरिअरने पाठवा."