स्विच दाबण्याआधी लाल वायर पाहा

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनो,

तुमची प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी हे लिहितो आहे. टर्म संपली की कपाटातून फ्यूज उडालेले, काटा वाकलेले मीटर निघतात आणि त्यांचा जाब लॅब सांभाळणाऱ्याला विचारला जातो. ज्या टेबलावर मीटर गेला, तिथून एकच उत्तर येतं: ‘आधीपासूनच खराब होता, सर.’ मीटर कपाटात बसल्या बसल्या खराब होत नाही. बहुतेक वेळा तो एकाच कारणाने जातो: करंट मोजायला जोडलेला मीटर तसाच व्होल्टेज मोजायला वापरला जातो. ही चूक सप्लाय चालू केल्यावर लक्षात येईल, या भरवशावर तुम्ही असता. माझं म्हणणं एवढंच आहे, की चालू केल्यावर ती लक्षात येत नाही. ती आधीच पाहावी लागते, आणि का ते नीट समजून घ्या.

आपल्या टेबलावरच्या साध्या डिजिटल मल्टिमीटरला तीन सॉकेट असतात. काळी वायर ‘कॉम’मध्ये कायम राहते. लाल वायर व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअरसाठी एका सॉकेटात जाते आणि मोठ्या करंटसाठी 10 अँपिअरच्या वेगळ्या सॉकेटात. या 10 अँपिअरच्या सॉकेटापासून ‘कॉम’पर्यंत आत तारेचा एक जाड तुकडा बसवलेला असतो. त्याचा रेझिस्टन्स ओहमच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. मधला नॉब कुठेही फिरवा, हा तुकडा जागचा हलत नाही. आधीच्या बॅचने मोठा करंट मोजून लाल वायर तिथेच सोडली असेल आणि तुम्ही नॉब 20 व्होल्टवर नेऊन प्रोब सप्लायच्या प्लस-मायनसला लावलेत, तर तुम्ही व्होल्टमीटर जोडलेला नाही, सप्लाय शॉर्ट केला आहे.

आता पडद्यावर काय दिसतं ते पाहा. आकडा येतो शून्य. तुम्हाला वाटतं सप्लाय येतच नाही, म्हणून तुम्ही व्होल्टेजचा नॉब वाढवता. सप्लायने करंट लिमिटवर अडवून धरलेला असतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या मीटरवरही व्होल्टेज शून्याजवळच राहतं. मग शेजारचा कोणीतरी सांगतो, ‘करंटचा नॉब पण वाढव.’ इथे खरं नुकसान सुरू होतं. सप्लायवर करंट लिमिटचा लाल दिवा लागलेला असतो. त्या सगळ्या गोंधळात खरं बोलणारी तेवढी एकच गोष्ट असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. तो दिवा दिसला की नॉब वाढवायचा नाही, सप्लाय बंद करायचा. हेच प्रोब डायोडच्या दोन टोकांना लावले असते तर काहीच जळलं नसतं, फक्त शून्य दिसलं असतं आणि जर्नलमध्ये ‘डायोड शॉर्ट’ अशी नोंद झाली असती. चांगला डायोड कचऱ्यात जातो तो असा.

रेंजचंही तसंच आहे. समजा 5 व्होल्टचा सप्लाय, 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि एक सिलिकॉन डायोड सिरीजमध्ये आहेत. डायोडवर साधारण 0.7 व्होल्ट पडतात, उरले 4.3 व्होल्ट, म्हणजे करंट 4.3 मिलिअँपिअरच्या आसपास. हा हिशेब कागदावर अर्ध्या मिनिटात होतो आणि तोच सांगतो की रेंज 20 मिलिअँपिअरची हवी. हिशेब न करता 2 मिलिअँपिअरची रेंज लावली तर यातल्या बऱ्याच मीटरांवर डाव्या टोकाला नुसता 1 उमटतो. त्याचा अर्थ ‘रेंजच्या बाहेर’ असा आहे. पण जर्नलांमध्ये तो सर्रास ‘1 मिलिअँपिअर’ म्हणून उतरवलेला असतो, खाली ग्राफही काढलेला असतो. किती करंट यायला हवा हे आधी माहीत असतं, तर तो 1 तिथेच खटकला असता.

‘सर, फक्त 5 व्होल्ट तर आहेत,’ हा आक्षेप दर वर्षी येतो. तुम्हाला 5 व्होल्टचा झटका बसणार नाही, हे खरं. पण मीटरचं मरण व्होल्टवर ठरत नाही, त्याच्या आतला रेझिस्टन्स किती कमी आहे यावर ठरतं. 0 ते 100 मिलिअँपिअरचा काट्याचा मीटर पूर्ण टोकाला 75 मिलिव्होल्ट घेणारा असेल, तर त्याचा रेझिस्टन्स पाऊण ओहम. तो थेट 5 व्होल्टवर लावला तर हिशेबाने साडेसहा अँपिअरच्या वर करंट मागतो. सप्लायने 2 अँपिअरवर अडवलं तरी ते मीटरच्या क्षमतेच्या वीस पट झाले. काटा टोकाच्या खुंटीवर आपटून वाकतो. आणि पुढे तुम्ही लॅम्प बोर्डावर बेस्टचे 230 व्होल्ट मोजाल, तेव्हा मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटात राहिली तर? बऱ्याच स्वस्त मीटरांमध्ये त्या वाटेवर फ्यूजच नसतो, सॉकेटाजवळ तसं छापलेलंही असतं. एमसीबी पडेपर्यंत प्रोबच्या टोकाशी ठिणगीचा भडका उडतो, आणि ते टोक तुमच्या बोटांपासून फार लांब नसतं.

दुसरा आक्षेप ऑटो-रेंज मीटरचा. तो रेंज निवडतो, सॉकेट निवडत नाही. काही महाग मीटर चुकीच्या सॉकेटाला बीप देतात, ते आपल्या टेबलावर नाहीत. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि त्यात तथ्य आहे. एका टेबलावर चौघं, त्यात ब्रेडबोर्डचा गोंधळ. पण तपासणीला दोन मिनिटं लागतात. सप्लाय बंद ठेवून प्लसपासून बोटाने वाट धरा आणि मायनसपर्यंत या. प्रत्येक मीटरपाशी थांबून विचारा: हा काढून टाकला तर सर्किट तुटेल का? अँमीटर असेल तर तुटलं पाहिजे. व्होल्टमीटर असेल तर तुटता कामा नये. मग आधी लाल वायरचं सॉकेट, त्यानंतर नॉब आणि रेंज पाहा. व्होल्टेज शून्यावर, करंटचा नॉब किंचित उघडा, आणि मगच स्विच. ज्याने जोडणी केली त्याने तपासू नये, दुसऱ्याने तपासावी. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. शिवाजी पार्कला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या दमट हवेने क्रॉकोडाइल क्लिपा आणि तारांची टोकं हिरवी पडतात. कनेक्शन दिसायला बरोबर असतं, पण करंट कधी येतो, कधी जातो. टोक काचकागदाने घासून चकचकीत करा, मगच जोडा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चॉकलेटची चांदी घालणाऱ्यांना मी माफ करणार नाही. त्याने पुढच्या मुलाचा मीटर जळतो आणि बोल मात्र त्या मुलाला लागतो. योग्य फ्यूज लॅमिंग्टन रोडला मामुली पैशांत मिळतो, तो आणायचं काम माझं आहे. तुमच्या हातून उडाला तर तसं चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी मीटरला चिकटवा आणि मीटर माझ्या हातात द्या. कपाटात परत ठेवू नका.