राउटरसाठी यूपीएस केवढा घ्यावा?

ज्येष्ठ लागता लागता रायपुरात सायंकाळी वादळी वारा सुटतो आणि वीज जाते. ती दहा मिनिटांत परतली, तरी राउटर आणि सेट-टॉप बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्याने आणखी काही मिनिटे वाया जातात. यासाठी यूपीएस घेऊ पाहणाऱ्यास दुकानात ‘सहाशे व्होल्ट-अँपिअर’ असा आकडा सांगितला जातो. हा आकडा यंत्र एका वेळी किती भार पेलू शकेल एवढेच दर्शवितो. तो भार किती वेळ चालेल, हे त्यावरून कळत नाही. वेळ ठरते ती आतील बॅटरीवरून.

प्रथम भार मोजावा. समजा, राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर आणि बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असे छापले आहे. गुणाकार केल्यास ३० वॅट होतात. परंतु ही अ‍ॅडॉप्टरची कमाल शक्ती होय, प्रत्यक्ष खर्च नव्हे. खरा खर्च घरचा वीजमीटरच सांगतो. त्यावर 3200 imp/kWh असे लिहिलेले असल्यास लाल दिव्याची प्रत्येक लुकलुक म्हणजे ११२५ वॅट-सेकंद. फ्रिजसह घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून केवळ ही दोन चालू ठेवावीत आणि पहिल्या लुकलुकीपासून सहाव्या लुकलुकीपर्यंतचा काळ घड्याळाने मोजावा. तो २८० सेकंद भरला, तर एका अंतराचे ५६ सेकंद. ११२५ ला ५६ ने भागले असता सुमारे २० वॅट येतात.

लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे ८४ वॅट-तास. मात्र हे माप वीस तासांच्या संथ उपशाचे आहे. जलद उपशात त्यातील ६० वॅट-तास हाती लागतील असे धरावे. शिवाय बॅटरीच्या विजेचे २३० व्होल्ट करण्यात यंत्र स्वतःच १५ वॅट खाते असे मानू. एवढ्या लहान भारापुढे हा खर्च क्षुल्लक नाही! एकूण ३५ वॅटांनी ६० वॅट-तास सुमारे पावणेदोन तास पुरतात. दूरचित्रवाणी संच जोडल्यास हा हिशेब कोलमडतो. केवळ राउटरच चालवावयाचा असेल, तर थेट १२ व्होल्ट देणारा छोटा यूपीएस अधिक काटकसरीचा. त्यात २३० व्होल्टांचा फेरा टळतो.

रायपुरातील उन्हाळा बॅटरीस मानवत नाही. पंचविशीच्या वर दर दहा अंश सेल्सिअसला शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून यूपीएस पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये. तीन-चार महिन्यांनी एकदा यूपीएसचा मुख्य प्लग काढून वेळ मोजावा. पावणेदोन तासांऐवजी पाऊण तासातच यंत्र थांबले, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे. दिवे लागलेले असूनही इंटरनेट नसेल, तर दोष यूपीएसचा नसून बहुधा सेवा पुरविणाऱ्याच्या गल्लीतील पेटीचीच वीज गेलेली असते.