गर्दीच्या वेळापत्रकाचे नियोजन

शाखा व्यवस्थापक आपल्या साप्ताहिक कॅलेंडरचा स्क्रीनशॉट सहकाऱ्यास पाठवतात आणि खाली एवढेच लिहितात : ‘हे जरा लावून द्या.’ सोमवार ९ ते शनिवार १४ तारखेचा हा आठवडा आहे. अशा वेळी चौकोन लगेच इकडेतिकडे हलवू नयेत. प्रथम प्रत्येक नोंद वार, वेळ, विषय आणि सहभागी व्यक्ती अशा रकान्यांत उतरवून घ्यावी. चित्रात १९ चौकोन असतील, तर यादीतही १९ नोंदी भरल्या पाहिजेत. एकमेकांवर आलेल्या चौकोनांत एखादी नोंद झाकली जाते. ती या मोजणीत सापडते.

यानंतर चित्रात न दिसणारा वेळ शोधावा. मंगळवारी १०.३० ते ११.३० विभागीय कार्यालयाची व्हिडिओ बैठक आहे आणि ११ ते १२ कारखान्याची पाहणी. वरवर पाहता अडचण अर्ध्या तासाची दिसते. परंतु कारखान्याला जाण्यास अर्धा तास आणि परतण्यास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पाहणीसाठी प्रत्यक्षात दोन तास हवेत. बैठकीची वेळ वरिष्ठ कार्यालयाने ठरवलेली असल्याने पाहणीच हलवावी लागेल.

ती कोठे न्यावी, याचे उत्तर गुरुवारच्या माथ्यावरील आडव्या पट्टीत आहे. तेथे ‘कर्जप्रस्ताव टिपणी’ असे लिहिले आहे. दिवसभराची अशी पट्टी बहुधा अंतिम मुदत दर्शवते. कामासाठी राखलेला वेळ नव्हे. टिपणीत पाहणीचे निष्कर्ष यावयाचे असल्याने पाहणी शुक्रवारी ढकलून चालणार नाही. बुधवारी दुपारी २.३० ते ४.३० मोकळे आहेत. तेथे प्रवासासह पाहणी बसते. गुरुवारी सकाळचे दोन तास टिपणीसाठी राखावेत.

शनिवारी ११ वाजता कर्जदाराच्या सह्यांची नोंद आहे. १४ तारखेचा शनिवार हा महिन्यातील दुसरा शनिवार होय. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. ही नोंद शुक्रवारी सुचवावी, मात्र कर्जदाराची सोय विचारूनच.

उत्तर पाठवताना नवे वेळापत्रक, गृहीत धरलेल्या गोष्टी आणि व्यवस्थापकांनी ठरवावयाचे प्रश्न वेगवेगळे मांडावेत. उदाहरणार्थ : ‘टिपणी गुरुवारी सायंकाळपर्यंत द्यावयाची आहे असे धरले आहे. पाहणी बुधवारी हलवू का?’ होकार मिळेपर्यंत कोणासही बदललेली वेळ कळवू नये. होकारानंतर पहिला दूरध्वनी कारखानदारास करावा. त्यांना बुधवार सोयीचा नसेल, तर टिपणीची मुदत वाढवून मागावी लागेल, आणि ते बुधवारी सकाळीच कळलेले बरे. गुरुवारी सायंकाळी कळल्यास कर्जदाराचा प्रस्ताव मागे पडतो.