रोज किती प्रश्न सोडवावेत?

आमच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत दर वर्षी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. वाचन थांबवून प्रश्न सोडवायला केव्हा लागावे, हा पहिला. रोज किती प्रश्न सोडवावेत, हा दुसरा. विचारणारे बहुधा 'नीट' परीक्षेच्या तयारीत असलेले विद्यार्थी असतात, आणि त्यांच्या मागे उभे असलेले पालकही. काही वर्षे हे काम केल्यावर आमच्या ध्यानात आले, की दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे विद्यार्थ्याच्या चुकलेल्या उत्तरांची वही.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. बारावीनंतरचे वर्ष तिने केवळ या परीक्षेसाठी राखून ठेवले होते. घरच्या परिस्थितीत असे दुसरे वर्ष मिळणार नव्हते, हे ती जाणून होती. कोणाच्या तरी सांगण्यावरून ती रोज भौतिकशास्त्राचे शंभर प्रश्न सोडवी. रविवारी वडिलांचा फोन येई आणि पहिली विचारणा असे, "किती झाले?" आकडा ऐकून त्यांना समाधान वाटे. मात्र महिनाभरानंतरही सराव परीक्षेतील तिचे गुण जागचे हलले नव्हते.

आम्ही तिच्याबरोबर वेळेचा हिशेब मांडला. भौतिकशास्त्राचा एक प्रश्न सोडवायला तिला सरासरी दोन मिनिटे लागत. म्हणजे शंभर प्रश्नांना दोनशे मिनिटे, तीन तासांहून अधिक. एवढे झाल्यावर ती उत्तरतालिका पाही, बरोबर-चूक खुणा करी आणि वही मिटवी. का चुकले, हे पाहण्यास ना वेळ उरे, ना बळ. शंभरांपैकी सुमारे चाळीस उत्तरे चुकत, आणि त्याच चुका ती दुसऱ्या दिवशी नव्या प्रश्नांत पुन्हा करी.

चुकलेला एक प्रश्न नीट तपासायचा, पुस्तकातील संबंधित परिच्छेद काढायचा आणि तो उत्तर न पाहता पुन्हा सोडवायचा, तर सहाएक मिनिटे लागतात. बरोबर आलेल्यावर अर्धे मिनिट पुरते. तिच्याकडे भौतिकशास्त्रासाठी दोन तास होते. पंचवीस प्रश्न सोडवण्यास पन्नास मिनिटे, त्यांतील दहा चुकले तर त्यांना साठ मिनिटे, आणि उरलेल्या पंधरांना सुमारे आठ मिनिटे. बेरीज झाली एकशे अठरा. म्हणून तिच्यासाठी रोजचा आकडा पंचवीस ठरला. ज्याच्या चुका कमी, त्याचा आकडा त्याच दोन तासांत आपोआप वाढतो. त्याच दिवशी तपासून होतील तेवढेच प्रश्न घ्यावेत, हा आमचा नियम आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. वाचन केव्हा थांबवावे? संपूर्ण अभ्यासक्रम वाचून झाल्यावर प्रश्नांना हात घालू, असे बहुतेक जण ठरवतात. असे ठरवणे घातक ठरते, कारण तोवर पहिली प्रकरणे विस्मरणात गेलेली असतात. वळण प्रकरणागणिक घ्यावे. प्रकरण एकदा समजून वाचावे, पुस्तक मिटवावे आणि कोऱ्या कागदावर मुख्य संकल्पना, सूत्रे आणि प्रत्येक सूत्र कोणत्या अटीवर लागू पडते ते लिहावे. कागद बराचसा भरला तर लगेच, वेळ न लावता, पंधरा प्रश्न सोडवावेत. कागद कोराच राहिला तर पुन्हा वाचावे. केवळ डोळ्यांखालून दुसऱ्यांदा गेलेला मजकूर ओळखीचा वाटतो. पण तो ओळखता येणे निराळे आणि आठवता येणे निराळे.

पंधरा प्रश्नांतील चुकांचे तीन वर्ग करावेत: माहीतच नव्हते, माहीत होते, पण वापरता आले नाही, आणि घाईत चुकले. पहिल्या वर्गातील चुका सर्वांत अधिक असतील, तर वाचन अपुरे आहे, पुस्तकाकडे परतावे. दुसरा वर्ग मोठा असेल, तर आणखी वाचून काही साधणार नाही. ही उणीव प्रश्नच भरून काढतात.

हा दुसरा वर्ग कसा दिसतो, ते घर्षणाच्या एका साध्या प्रश्नावरून पाहू. आडव्या खडबडीत पृष्ठभागावर पाच किलोग्रॅमचा ठोकळा ठेवला आहे. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४ आहे. ठोकळ्यावर दहा न्यूटनचे आडवे बल लावले, तर घर्षण बल किती? त्या विद्यार्थिनीने गुणांकाला वजनाने गुणले. गुरुत्व त्वरण दहा मानल्यास वजन पन्नास न्यूटन. म्हणून उत्तर वीस न्यूटन. सूत्र तिला तोंडपाठ होते. परंतु वीस न्यूटन ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. लावलेले बल दहाच असल्याने ठोकळा हलत नाही, आणि घर्षणही दहाच न्यूटन असते. ते वीस असते, तर ठोकळा उलट दिशेने सरकू लागला असता!

अशा चुकीसाठी सारे प्रकरण पुन्हा वाचणे व्यर्थ. तिने मर्यादेविषयीचा परिच्छेद तेवढा वाचला. दुसऱ्या दिवसाच्या पंचवीसांत आम्ही त्याच जातीचे दोन प्रश्न घातले. एकात बल पंचवीस न्यूटन होते. मर्यादा ओलांडली जाते, ठोकळा घसरतो आणि गतिज घर्षण लागू होते. दुसऱ्यात एक किलोग्रॅमचा ठोकळा पन्नास न्यूटन बलाने भिंतीशी दाबून धरला होता. गुणांक तोच. मर्यादा वीसच, पण ठोकळ्याचे वजन दहा न्यूटन, म्हणून घर्षण दहा. हा शेवटचा प्रश्न तिने स्वतः उलगडला, तेव्हा ती चूक सुटल्याचे आम्हांस कळले. तरीही आठवड्याने वहीतील दहा जुने प्रश्न पुन्हा द्यावेत. सात-आठ बरोबर आले तर पुढे जावे.

हा आकडा सर्व विषयांना सारखा लावू नये. 'नीट'मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात आणि त्यांतील ९० जीवशास्त्राचे. ते प्रश्न बहुतांशी पाठ्यपुस्तकातील नेमक्या माहितीवर येतात, सोडवायला मिनिटही लागत नाही आणि चूक बहुधा पहिल्या वर्गातील असते. म्हणून तेथे पन्नास-साठ प्रश्न सहज होतात; मात्र प्रत्येक चूक पुस्तकातील त्या ओळीपर्यंत नेऊन भिडवावी लागते. जीवशास्त्रात वाचन शेवटपर्यंत सुटत नाही.

पूर्ण प्रश्नपत्रिकांची वेळ अभ्यासक्रम संपल्यावर येते. एक प्रश्नपत्रिका तीन तासांची, आणि तिची तपासणी किमान तेवढ्याच वेळाची. रोज एक सोडवणाऱ्याची तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुटते. आठवड्याला दोन पुरेत. चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होत असल्याने घाईच्या तिसऱ्या वर्गातील चुका येथेच उघड्या पडतात.

त्या विद्यार्थिनीचा आकडा वर्षअखेर पंचवीसांवरून चाळीसांवर गेला. वेळ तेवढाच होता, चुका घटल्या होत्या. तिच्या वडिलांनाही आम्ही एक विनंती केली, आणि तीच येथे सर्व पालकांना करतो. रविवारच्या फोनवर "किती झाले?" ऐवजी "या आठवड्यात कोणती चूक सुटली?" असे विचारावे. पहिल्याच रविवारी तिने त्यांना भिंतीला दाबलेल्या ठोकळ्याची गोष्ट सांगितली. वडील गवंडीकाम करतात. त्यांना ती लगेच समजली.