मेल उलटा वाचला तर चुका सापडतात?

प्रश्न : चेन्नईत पेरुंगुडीला ओएमआरवरच्या एका कंपनीत मी नोकरी करते. पुण्याच्या ग्राहकांना मराठीत मेल लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. शेजारी बसणारी तमिळ मैत्रीण म्हणते, पाठवण्याआधी मेल शेवटच्या शब्दापासून उलटा आणि मोठ्याने वाच, चुका दिसतात. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, पेरुंगुडी

उत्तर : आहे, पण अर्धंच. वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत, उड्या मारत जातात आणि मधलं बरंचसं मन अंदाजाने भरून काढतं. मजकूर स्वतःच लिहिलेला असला की हा अंदाज फारच पक्का असतो. उलटं वाचताना पुढे काय येणार ते कळत नाही, त्यामुळे प्रत्येक शब्द नीट पाहावा लागतो.

आता हा मेल बघा : ‘तुमचे पात्र मिळाले. बदललेला करार सोबत जोडला आहे. सही करून तो शुक्रवापर्यंत परत परत पाठवावा. त्याआधी काम सुरू करू.’

शब्द उलट्या क्रमाने वाचलेत तर ‘शुक्रवापर्यंत’ लगेच खटकेल, त्यातला ‘र’ गळला आहे. ‘पात्र’ मात्र सुटेल, कारण तो शब्द म्हणून शुद्धच आहे. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी टाइप करताना एक ‘a’ जास्त पडला की पत्राचं पात्र होतं. ही चूक पकडायला वाक्य हवं. म्हणून शब्द नव्हे, वाक्यं उलटी घ्या : आधी शेवटचं वाक्य, मग त्याच्या आधीचं, वाक्याच्या आत मात्र सरळ वाचा. मोठ्याने वाचताना ‘तुमचे पात्र’ म्हणताच तुम्हालाच हसू येईल, आणि करार ‘परत परत’ मागवणं कानाला टोचेल. ऑफिसात संकोच वाटत असेल तर ओठ हलवत पुटपुटलं तरी चालेल. फक्त प्रत्येक शब्द तोंडातून जायला हवा.

या मेलमधली सगळ्यात महागडी चूक अजून राहिलीच आहे. शेवटच्या वाक्यात ‘नये’ गळलं आहे. ‘त्याआधी काम सुरू करू’ हे वाक्य व्याकरणात बसतं, कानालाही गोड लागतं, अर्थ मात्र नेमका उलटा होतो. उलट वाचनात ते निसटेल, कारण सहीचं वाक्य तेव्हा अजून वाचलेलंच नसतं. म्हणून शेवटी एकदा वरून खाली, ग्राहकाच्या जागी बसून वाचा. नावं, तारखा आणि रकमा तर कुठल्याच वाचनावर सोडू नका, मूळ कागदाशी ताडून पाहा.

एवढा खटाटोप दोन ओळींच्या निरोपासाठी नको. करार, पैसे किंवा मुदत असलेल्या मेलसाठी करा. आणि हे सगळं होईपर्यंत ग्राहकाचा पत्ता भरूच नका. पाठवलेला मेल मागे घ्यायला जीमेल जास्तीत जास्त 30 सेकंद देतं.