तीन पावत्या आणि मॅट्रिक्सची कोटी

तीन अज्ञात संख्या काढायच्या असतील तर तीन समीकरणे हवीत, हे तुम्ही शाळेत शिकलेले असता. पण तीन समीकरणे हाताशी असूनही उत्तर न सापडण्याची पाळी केव्हा येते? अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मॅट्रिक्सची कोटी, म्हणजेच रँक, शिकवतात ती याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

समजा, एका दुकानाच्या तीन पावत्या आपल्याजवळ आहेत. पहिलीत १ पेन, २ वह्या, १ पेन्सिल. एकूण ४५ रुपये. दुसरीत २ पेन, ५ वह्या, ३ पेन्सिली, ११० रुपये. तिसरीत ४ पेन, ११ वह्या, ७ पेन्सिली, २४० रुपये. पेनची किंमत क्ष, वहीची य आणि पेन्सिलीची झ मानू. आता अक्षरे गाळून नुसत्या संख्या मांडू. उभ्या रेघेपलीकडे एकूण रक्कम आहे.

१  २  १ | ४५
२  ५  ३ | ११०
४  ११  ७ | २४०

रेघेच्या डावीकडचा भाग म्हणजे मूळ मॅट्रिक्स. रकमेच्या स्तंभासह होते ती विस्तारित मॅट्रिक्स. ओळींवर तीन क्रिया करता येतात: दोन ओळींची अदलाबदल करणे, एखाद्या ओळीला शून्येतर संख्येने गुणणे आणि एका ओळीची पट दुसरीत मिळवणे किंवा तीतून वजा करणे. या क्रियांनी समीकरणांची उत्तरे बदलत नाहीत, कारण प्रत्येक क्रिया उलट करून मूळ ओळी परत मिळवता येतात. शून्याने गुणले तर मात्र ओळीतील माहितीच पुसली जाते.

दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिलीची चौपट वजा करा.

१  २  १ | ४५
०  १  १ | २०
०  ३  ३ | ६०

पुष्कळ विद्यार्थी इथेच थांबतात आणि तिन्ही ओळी शून्येतर पाहून कोटी ३ लिहितात. पण काम अजून संपलेले नाही. तिसऱ्या ओळीतून दुसरीची तिप्पट वजा करा.

१  २  १ | ४५
०  १  १ | २०
०  ०  ० | ०

प्रत्येक ओळीतील पहिली शून्येतर संख्या वरच्या ओळीतल्यापेक्षा उजवीकडे सरकली आणि शून्यांच्या ओळी तळाशी गेल्या, म्हणजे पायऱ्यांचे रूप मिळाले. आता उरलेल्या शून्येतर ओळी मोजायच्या. ही संख्या म्हणजे कोटी. येथे ती २ आहे. पावत्या तीन असल्या, तरी स्वतंत्र माहिती दोनच पावत्यांची होती! दुसऱ्या पावतीच्या तिपटीतून पहिलीची दुप्पट वजा केली की तिसरी मिळते. ताळा करून पाहा.

दुसरी ओळ सांगते, य = २० − झ. ही किंमत पहिलीत घातली की क्ष = ५ + झ. पेन्सिल ५ रुपयांची धरली तर पेन १० आणि वही १५ रुपयांना पडते. पेन्सिल ८ रुपयांची धरली तर पेन १३ आणि वही १२ रुपयांना. दोन्ही उत्तरे तिन्ही पावत्यांना लागू पडतात. अज्ञाते ३, कोटी २; म्हणून ३ − २ = १ अज्ञात मोकळे राहिले.

आता तिसऱ्या पावतीवर २४० ऐवजी २४५ रुपये असते तर? त्याच क्रिया केल्यावर शेवटची ओळ अशी येईल:

०  ०  ० | ५

म्हणजे शून्य बरोबर पाच! मूळ मॅट्रिक्सची कोटी २, पण विस्तारितची ३. पावत्या एकमेकींशी विसंगत आहेत आणि उत्तर मुळीच नाही. कुठेतरी चूक असली पाहिजे. समजा, तिसऱ्या वेळी पेन्सिली ७ नव्हे तर ८ घेतल्या होत्या. मग शेवटची ओळ होते:

०  ०  १ | ५

आता दोन्ही कोट्या ३, म्हणजे अज्ञातांइतक्याच. झ = ५; मग खालून वर जात य = १५, क्ष = १० हे एकमेव उत्तर.

तेव्हा नियम असा: दोन्ही कोट्या असमान असल्या तर उत्तर नाही, समान आणि अज्ञातांइतक्या असल्या तर एकच उत्तर, समान पण अज्ञातांहून कमी असल्या तर अनंत उत्तरे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. १/३ सारखा अपूर्णांक ०.३३३ असा लिहू नका. त्याची तिप्पट १ मधून वजा केली, तर शून्याऐवजी ०.००१ उरते, शून्य व्हायची ओळ जिवंत राहते आणि कोटी एकाने वाढते. मग अनंत उत्तरांच्या जागी एकच, तेही खोटे, उत्तर हाती पडते. संगणकही दशांश स्थळे मर्यादितच ठेवतो, म्हणून तेथे अगदी लहान संख्येला शून्य मानायचे की नाही हे आधी ठरवावे लागते. कागदावर अपूर्णांक तसेच ठेवा आणि शेवटी उत्तर मूळ समीकरणांत घालून ताळा पाहा.